आबांना वाटतं, चौकोनाचा फोटो काढला की पैसे गेले

प्रश्न: ताई, माझे आजोबा ७९ वर्षांचे आहेत, साताऱ्याजवळ गावी एकटेच राहतात, मी नोकरीसाठी पुण्यात. गावात मेडिकलवाल्याकडे, दूधवाल्याकडे सुट्टे नसतात म्हणून त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि फोनवरून यूपीआय शिकवायला गेले. पण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की दुकानातल्या त्या क्यूआर कोडच्या चौकोनाचा फोटो काढला की खात्यातले पैसे जातात, मग कुणीही भिंतीवर चौकोन चिकटवून लोकांना लुटेल. कितीदा सांगितलं, आबा फक्त स्कॅन करायचं, बाकी काही नाही. शेवटी म्हणाले, मला कागदावर नीट लिहून पाठव. काय लिहू? उगाच घाबरतायत हो ते. (एक नात)

उत्तर:

उगाच नाही घाबरत गं. तू त्यांना जे सांगतेयस ते खरं धरलं तर त्यांची शंका अगदी बरोबर आहे. फक्त स्कॅन केलं आणि बाकी काहीच नसतं, तर खरंच कुणीही चौकोन चिकटवून बसला असता. बाकी आहे, आणि जे काही महत्त्वाचं आहे ते सगळं त्या बाकीतच आहे: नाव वाचणं, रक्कम टाकणं, पिन टाकणं. आपण रोज करतो म्हणून आपल्याला ते दिसेनासं झालंय, चहावाल्यासमोर उभं राहून बोलता बोलता अंगठा आपोआप चार आकडे दाबतो. आबा पहिल्यांदाच बघतायत, त्यामुळे त्यांना मधली गाळलेली पायरी बरोबर सापडली. आणि दुसरं म्हणजे 'फक्त स्कॅन करा, बाकी काही नाही' हे वाक्य उद्या एखादा भामटा पण फोनवर अगदी असंच बोलणार आहे, तेव्हा निदान नातीच्या तोंडून तरी त्यांना त्याची सवय नको लागायला.

आणखी एक बघ. त्यांनी समजून घ्यायला कागद मागितलाय, वापरायचं कबूल केलेलं नाही. सुट्ट्यांची अडचण त्यांची आहे की फोनवर ऐकून तुला वाटलेली, हे एकदा त्यांना विचार. दूधवाल्याचा हिशोब महिन्याचा असेल, मेडिकलवाला वहीत लिहून ठेवत असेल, तर त्यांचं रोखीत मस्त चाललंय. समजूनही नाही वापरलं तरी चिठ्ठी वाया जात नाही, कारण फसवणारा फोन न वापरणाऱ्यालाही येतोच.

आता चिठ्ठी. त्यात हे बटण दाबा मग ते दाबा असलं लिहू नकोस. ॲप अपडेट झालं की बटणं इकडची तिकडे होतात आणि आबा कागद हातात धरून बटण शोधत बसतात. पैसे असतात कुठे आणि नेमके कुठल्या क्षणाला जातात, हे मात्र बदलत नाही, ते लिही. मी असं काहीतरी लिहिलं असतं, तू तुझ्या भाषेत कर:

"आबा, पहिली गोष्ट, फोनमध्ये पैसे नाहीत. पैसे बँकेतच आहेत, पासबुकात दिसतात तेच. फोन पडला, फुटला, ॲप उडालं तरी खात्यातला रुपया हलत नाही. यूपीआय म्हणजे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या कुठल्याही बँकेच्या खात्यात तिथल्या तिथे पैसे पाठवायची सोय, एनपीसीआय नावाची संस्था २०१६ पासून चालवते. फोनमधलं ॲप फक्त तुमचा निरोप बँकेला पोचवतं. पैसे कापते तुमची बँक, आणि ती तुमचा पिन जुळल्याशिवाय कापत नाही.

आता तो चौकोन. चेक आठवा. चेकवर काय लागतं? कोणाला द्यायचे ते नाव, किती ती रक्कम आणि खाली तुमची सही. इथेही तेवढंच लागतं. चौकोनात फक्त पहिली गोष्ट लिहिलेली असते, म्हणजे दुकानदाराचं नाव आणि त्याच्या खात्याचा पत्ता. आपल्याला वाचता येत नाही, कॅमेऱ्याला येतं, म्हणून स्कॅन करायचं. तुमच्याबद्दल त्यात काही नसतं, तो छापला तेव्हा दुकानदाराला तुम्ही माहीत पण नव्हता. स्कॅन केलं म्हणजे चेकवर त्याचं नाव लिहून झालं, बास. अजून रक्कम नाही, सही नाही. तिथून मागे फिरलात तर काहीही होत नाही. पिन म्हणजे तुमची सही. पिन टाकला की चेक दिला.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. चेक दिल्यावरसुद्धा वटायच्या आत बँकेत जाऊन थांबवता येतो. इथे पिन टाकल्यावर काही सेकंदांत पैसे समोरच्याच्या खात्यात जातात, मग तुम्ही म्हणालात म्हणून बँक ते परत आणत नाही. म्हणून जी काही घाई करायची ती आधी करा, पिनच्या पानावर अजिबात नको."

एवढं पहिल्या पानावर पुरे. तुला स्वतःला बघायचं असेल की दुकानातल्या स्टिकरमध्ये नक्की काय दडलंय, तर ते साधारण असं असतं:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Ganesh%20Medical&cu=INR
```

पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, त्याचं नाव, चलन रुपये, कधीकधी अजून दोनचार सांकेतिक आकडे, संपलं. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये मशीनच्या स्क्रीनवर जो कोड येतो त्यात बिलाची रक्कम पण भरलेली असते, त्यामुळे तिथे रक्कम टाकावी लागत नाही, फक्त वाचावी लागते. म्हणजे आबांच्या भाषेत सांगायचं तर काही चेकवर रक्कम आधीच भरून येते, सही अजून त्यांचीच.

दुसऱ्या पानावर एकच व्यवहार पूर्ण लिही, गोल गोल नको, त्यांच्याच मेडिकलचा. समजा ३४० रुपयांच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या. आबांनी ॲप उघडून कॅमेरा काउंटरवरच्या स्टिकरवर धरला. फोनवर नाव आलं. इथे पहिला थांबा. बोर्डवर गणेश मेडिकल लिहिलंय आणि स्क्रीनवर कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं तर लगेच घाबरायचं नाही, पुष्कळ दुकानांत मालकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावावरचं खातं असतं. पण अंदाज पण करायचा नाही, सरळ फोन त्याला दाखवायचा, 'हे तुमचंच नाव ना?' लोक रोज विचारतात, कुणाला राग येत नाही. हे यासाठी की दुकानदाराच्या स्टिकरवर कुणीतरी गुपचूप स्वतःचा स्टिकर चिकटवून जातो, असे प्रकार खरंच झालेत. म्हणजे आबांची भिंतीवरच्या चौकोनाची शंका काही हवेतली नाही, फक्त त्यात पैसे स्कॅननं जात नाहीत, नाव न वाचता पिन टाकल्यानं जातात.

मग रक्कम, ३४०. मग पिनचं पान. त्या पानावर वरच्या बाजूला कोणाला आणि किती हे परत एकदा लिहिलेलं असतं, आपण कोणी बघत नाही पण आबांना ते बघायला सांग, कारण थरथरत्या बोटानं ३४० चे ३४०० व्हायला एक शून्य पुरतं. इथपर्यंत मागे फिरता येतं. पिन टाकला, खूण आली, दुकानातला डबा बोलला 'तीनशे चाळीस रुपये प्राप्त हुए' की काय ते, आणि आबांना बँकेचा मेसेज आला. डबा नाही बोलला तर दुकानदाराला त्याच्या फोनवर बघू दे, तोवर गोळ्या घेऊन निघायचं नाही आणि दुसऱ्यांदा पैसे पण पाठवायचे नाहीत.

दुसऱ्यांदा नाही, हे अधोरेखित कर. कधीकधी खात्यातून कापले जातात आणि दुकानदाराला पोचतच नाहीत, स्क्रीनवर व्यवहार Pending दिसतो. माणूस ओशाळतो, मागे रांग असते, आणि तो परत पाठवतो, मग थोड्या वेळानं दोन्ही पोचतात. अशा वेळी रोख द्यायचे नाहीतर उद्या देतो म्हणायचं. मेडिकलवाला ओळखीचा आहे, पळून जाणार नाहीत आबा कुठे. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे की दुकानदाराला केलेलं पेमेंट असं मध्येच अडकलं तर बँकेनं ते ५ दिवसांच्या आत आपणहून परत जमा करायचं आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. तक्रार करायची वेळ आली तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन करायची, तिथे १२ आकडी नंबर असतो तो बँकेला सांगायचा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, खोटे नंबर तिथे मुद्दाम टाकून ठेवलेले असतात, हे आबांपेक्षा तुझ्या वयाच्या लोकांना जास्त सांगायला हवं.

आता येते ती गोष्ट जिच्यासाठी मला वाटतं ही चिठ्ठी खरंच लिहायला हवी. समजा आबांनी जुनं लाकडी कपाट विकायला काढलं. फोन येतो, समोरचा गोड बोलतो, भावात घासाघीस पण करत नाही, ५००० ठरतात. म्हणतो आत्ता पैसे पाठवतो, तुम्हाला व्हॉट्सॲपवर कोड टाकलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील. कोडमध्ये ५००० रक्कम आधीच भरलेली असते, कधी बाजूला हिरव्या अक्षरात 'पैसे मिळवा' असं काहीबाही लिहिलेलं असतं, तो मजकूर चित्राच्या बाजूला कुणीही लिहू शकतं. आबा स्कॅन करतात, पिन टाकतात, ५००० जातात. मग तो म्हणतो अरेरे चुकलं, परत एकदा करा, मी दोन्ही पाठवतो. आणि दुसरे ५००० जातात.

चेकचं पक्कं डोक्यात बसलं असेल ना, तर हे आबांना वेगळं शिकवावंच लागत नाही. पैसे घेणारा माणूस कधी चेकवर सही करतो का? सही देणाऱ्याची असते. तसंच पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन पण लागत नाही, ते आपोआप येऊन पडतात, तुम्ही झोपलेले असलात तरी. कुणी पैसे देतो म्हणाला आणि पिन मागितला, की तिथेच फोन ठेवायचा, त्याच्याशी वाद पण घालायचा नाही. पूर्वी तर अनोळखी माणूस थेट 'इतके पैसे द्या' अशी मागणी आपल्या ॲपवर धाडायचा आणि लोक न वाचता मान्य करायचे, माणसामाणसांमधला तो प्रकार ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलाय. कोडवाला मात्र चालूच आहे, कारण तिथे यंत्रणा काही चुकीचं करत नाही, सही खरीच असते.

तरीही गेलेच पैसे, तर १९३०. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, लगेच फोन केला तर पैसे पुढे काढले जायच्या आत समोरच्याच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी केला तर ती बरीच कमी होते. म्हणून आबांना हेही लिही की आधी १९३० आणि बँक, मग मला. नाहीतर नात ओरडेल म्हणून म्हातारी माणसं दोन दिवस गप्प बसतात, तेवढ्यात सगळं संपतं.

आता तुझ्यासाठी थोडं, चिठ्ठीत नको. 'पिनशिवाय पैसे जात नाहीत' हे आपण त्यांना ठासून सांगतोय, पण याला अपवाद आहेत आणि ते तू आधी बंद ठेव. यूपीआय लाइट म्हणून सोय आहे, त्यात थोडे पैसे वेगळे काढून ठेवायचे आणि १००० पर्यंतचं पेमेंट पिन न टाकता होतं. आपल्याला सोयीचं, पण आबांनी ज्या दिवशी पिन न टाकता पैसे गेलेले बघितले त्या दिवशी तुझी सगळी चिठ्ठी खोटी ठरली. तेच ऑटोपेचं, एकदा मंजुरी दिली की दर महिन्याला आपोआप कापतात. तेच बोटाच्या ठशानं पेमेंट करायच्या नव्या सोयीचं. ॲप तर सारखं 'चालू करा' म्हणून मागे लागतं, तू सेटिंगमध्ये जाऊन बघून ये. उलटं पण आहे, बॅलन्स बघायलाही पिन लागतो आणि पैसे मात्र जात नाहीत. ते सुरुवातीला सांगूच नकोस, बॅलन्स पासबुकात किंवा बँकेच्या मेसेजमध्ये बघू दे, पिन फक्त द्यायच्या वेळीच टाकायचा एवढी एकच सवय लागू दे.

खातं कुठलं जोडायचं हे सगळ्यात जास्त विचार करून ठरव. पेन्शन आणि एफडीचं खातं जोडू नकोस. दुसरं एक साधं बचत खातं काढ, शक्यतो त्याच बँकेत म्हणजे शाखेतला माणूस ओळखीचा राहतो, त्यात महिन्याला दोनतीन हजार टाकायचे आणि यूपीआयला तेच जोडायचं. सगळ्यात वाईट काय होईल हे आबांना आकड्यात माहीत असलं की त्यांचा हात जरा सैल पडेल. त्या खात्याला त्यांचा मोबाइल नंबर नोंदवलेला हवा आणि ते सिम त्याच फोनमध्ये हवं, कारण सुरू करताना ॲप त्या सिमवरून बँकेला मेसेज पाठवून ओळख पटवतं. मग डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, मुदत आणि ओटीपी टाकून पिन ठरवायचा. हे शाखेत नेऊन किंवा तू घरी गेलीस की समोर बसून कर, फोनवरून नको, कारण फोनवरून ओटीपी सांगायची सवय तूच लावशील. पिन त्यांनी ठरवायचा, तू दुसरीकडे बघायचं. एटीएमचा पिन वेगळा आणि हा वेगळा हेही तेव्हाच सांग, नाहीतर एटीएमचा टाकत बसतील आणि तीनदा चुकला की बँक तो पिन काही काळ अडवून ठेवते.

तुला कदाचित कुणी यूपीआय सर्कल सुचवेल. त्यात तुझ्या खात्यातून आबा पैसे देऊ शकतात, एकतर प्रत्येक वेळी तुझ्या फोनवर परवानगी येते आणि तू पिन टाकतेस, नाहीतर महिन्याला १५ हजारांच्या आत मर्यादा घालून मोकळीक देता येते. कागदावर फार छान. पण मीटिंगमध्ये तुझा फोन सायलेंटवर आणि आबा मेडिकलमध्ये ताटकळत उभे, हा एक भाग झाला, आणि खरी अडचण म्हणजे त्यांच्या गोळ्यांचे पैसे तुझ्या खात्यातून जाणार. काही आजोबांना चालतं, उलट बरं वाटतं. पण ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट कागदावर समजून घ्यायची असते त्याला स्वतःच्या पैशांवर स्वतःची सही आवडत असणार असा माझा अंदाज. तरी विचार त्यांना, तुझ्या मनानं ठरवू नकोस.

घरी जाशील तेव्हा एक प्रयोग मात्र नक्की कर. आबांना घेऊन बाजारात जा, दिसेल तो कोड स्कॅन करायला लाव, आठदहा दुकानं होऊ देत, प्रत्येक ठिकाणी नाव मोठ्यानं वाचायचं आणि मागे यायचं, पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. आधी दुकानदाराला विचारून घे म्हणजे तो गोंधळणार नाही. मग बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. एकही ओळ वाढलेली नसेल तर फोटोनं पैसे जात नाहीत हे त्यांना तुझ्याकडून ऐकावं लागणार नाही. त्यानंतर पहिलं पेमेंट तुलाच करू दे, तुझा कोड, १० रुपये, आणि पिनच्या पानावर आल्यावर त्यांना विचार, कोणाला आणि किती.

चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिही, दोन पानं, वर कोपऱ्यात १९३० आणि त्यांच्या शाखेचा पासबुकावर छापलेला नंबर. आणि त्यावर पिन लिहून ठेवू नका असंही लिही, कारण कागद जपून ठेवणारी माणसं नेमकं तेच करतात.